हरिदासने कोरलेला द्ध

हरिदासने सोलापुरातल्या एका छापखान्यात चाळीस वर्षं खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरं, जुळवले. गावभरच्या लग्नपत्रिका, हँडबिलं, जयंतीची पोस्टरं त्याच्या हातून गेली, पण त्याचं स्वतःचं नाव कशावरही छापलं गेलं नाही. छापतात ते मालकाचं; जुळाऱ्याला कोण विचारतो! पुढं छापखाना बंद पडला, बायको चांगुणा गेली, आणि दिवसचे दिवस त्याच्याशी बोलायला कुणी उरलं नाही. सामान दाखवायला मालकानं बोलावलं तेव्हा तो दाढी करून, धुतला सदरा घालून गेला.

पुण्याहून महेश्वरीबाई आल्या होत्या. बंद छापखान्यांतल्या वस्तूंचं त्यांना संग्रहालय करायचं होतं. शिशाचे खिळे त्यांनी भिंगाखाली धरून पाहिले, झिजलेले बाजूला सारले. मग चित्रांचे ठोकळे उचलले. "लाकडावर जस्ताचा पत्रा ठोकलाय, हा अलीकडचा. हा मात्र अख्खा लाकडात कोरलाय, जुना." एक ठोकळा कुणीतरी घासून लख्ख केला होता. त्यावर त्या हळहळल्या, शाईचा थर गेला की वय सांगणं अवघड होतं म्हणाल्या.

शेवटी पोस्टरची लाकडी अक्षरं निघाली. हरिदास एकेक हातात देत होता. 'द्ध' आला तशा बाई थांबल्या.

"हा यांच्यातला नाही. बाकीची शिसवी आहेत, आडव्या कापाची. हा कडुलिंबाचा, फळीतून कापलेला. रेषा बघा कशा लांब गेल्यात. उंचीला कमी म्हणून खाली कागद डकवलाय. हा इथंच राहू दे."

मूळचा द्ध चिरला आणि बुद्धपौर्णिमेचं पोस्टर अडलं, तेव्हा दोन दिवस घरी बसून हरिदासनंच हा कोरला होता. अक्षर सुलट दिसतंय का, ते चांगुणानं आरशात धरून बघितलं होतं. मालकानं मुंबईहून आणलेला आहे, असं ठोकून द्यावं, म्हणजे हाही बाकीच्यांबरोबर जाईल, असं क्षणभर त्याच्या मनात आलं. पण जीभ रेटेना.

"जुना न्हाय त्यो, बाई. मी कोरलाय," तो म्हणाला.

बाईंनी ठोकळा उलटा केला, कागदावर भिंग धरलं. तो त्याच पोस्टरच्या रद्दी प्रुफाचा तुकडा होता. 'वैशाख पौर्णिमा, १९७८' एवढं स्पष्ट वाचता येत होतं.

"काका, बाकीच्या अक्षरांचं वय मी अंदाजानं सांगते, आणि ती कुणी केली ते कुणालाच माहीत नाही. याला तारीख आहे, आणि कारागीर माझ्यासमोर उभा आहे. हा आधी न्यायचा. पूर्ण नाव सांगा, चिठ्ठीवर लिहिते."

"हरिदास सिद्राम तळभंडारे," तो सावकाश म्हणाला.

"घरी फोन करून सांगा की!" बाई हसून म्हणाल्या.

"सांगतो की." हरिदास दाराबाहेर गेला. खिशातला बंद फोन त्यानं तसाच कानाला लावला.

"अगं, नाव लिवलं माजं," तो म्हणाला. "पुरं नाव."