पहाटेच्या दुधाआधी

भंडाऱ्याच्या दूध संघात मी ज्युनियर इंजिनियर म्हणून लागले आणि बाबांनी आमच्या अख्ख्या कोंढा गावात सांगून टाकलं, की दूध केंद्रावरची मशीन आता माझी पोरगी चालवते. मशीन दूध मोजून आकडे आमच्या सर्व्हरला पाठवायची. तिकडून होकार आला तरच दूध घेतलं जायचं. मध्यरात्री सर्व्हर बंद पडल्याचा फोन आला, तेव्हा डोळ्यांसमोर बाबाच आले, भरली कॅन तशीच घेऊन परतणारे. मला नुसतं रडू येत होतं.

धावत ऑफिस गाठलं. तिथे एकटीच होते. सर्व्हरचा प्रोग्राम सुरू करायचे, तो लगेच मरायचा. लॉगमध्ये एकच रडगाणं: डेटाबेसशी जोडणी नाही. डेटाबेस पवनीच्या शाखेतल्या कॉम्प्युटरवर, त्याचं नाव pauni-db. मी नाव टाइप करून पिंग केलं, म्हणजे जागा आहेस का, अशी हाक मारली. पठ्ठ्या ठणठणीत उत्तर देत होता. बसता येईना. उठायचे, पाणी प्यायचे, परत तेच पिंग.

सर्व्हर सांभाळणाऱ्या पुण्याच्या सरांना फोन करून उठवलं. दुपारी त्यांनीच सेटिंगच्या फाइलमध्ये डेटाबेसच्या आकडी पत्त्याऐवजी नाव घातलं होतं.

"अगं, त्यानंतर संध्याकाळचं सगळं दूध नीट गेलंय. नावाचा काय संबंध?"

बिनतोड होतं. मी फाइल उघडून बघितली, पुन्हा बघितली. पवनीच लिहिलं होतं.

मग चिडून, काहीच सुचेना म्हणून, फाइलमधलं नाव हाताने न लिहिता जसंच्या तसं कॉपी करून पिंग केलं. उत्तर आलं: असं नाव माहीत नाही.

pavni-db. यूच्या जागी व्ही. आमच्याकडे दुकानांच्या पाट्यांवर दोन्ही सापडतात, मी जन्मभर दोन्हीला पवनीच म्हणत आले. डोळ्यांना काही खटकलंच नाही आणि हात मात्र दरवेळी बरोबर नाव टाइप करत होते. संध्याकाळचंही कोडं सुटलं: प्रोग्रामने सकाळीच उघडलेल्या जुन्या जोडण्या धरून ठेवल्या होत्या. दिवसाचा हिशेब बंद करून मध्यरात्री तो स्वतःच पुन्हा सुरू झाला, तेव्हा त्याने नवी फाइल पहिल्यांदा वाचली.

एक अक्षर बदललं, प्रोग्राम चालू केला. जोडणी झाली. तरी जीव थाऱ्यावर येईना. कोंढ्याची पहिली नोंद पडद्यावर दिसेपर्यंत मी खुर्चीत टेकलेच नाही.

उजाडता उजाडता बाबांना फोन लावला.

"घेतलं का दूध?"

"घेतलं ना. पावती भी निघाली. काहून, का झालं?"

"काही नाही. रातभर ऑफिसातच होती."

"मशीन तं बेस चालून राहिली," बाबा म्हणाले, "मंग तू कायले जागून राहिली, बाई?"