साइटनं माफ केलेला मग

मगवाल्या काकूंच्या नशिबानं आयुष्यात एकदाच त्यांची बाजू घेतली, आणि काकूंनी त्यालाच वाटेला लावलं.

काकू मातीचे मग करतात. मागच्या खोलीत चाक, अंगणात भट्टी आणि विक्री एका मोठ्या साइटवरून. या विक्रीच्या दोन तऱ्हा आहेत. काही मग काकू घरीच बांधून कुरियरला देतात; तिथे माल हरवला, फुटला, उशिरा पोचला की बोलणी काकूंनीच खायची. सगळ्यात खपणारा निळा मग मात्र खोक्यांनी साइटच्या गोदामात जातो. बांधणं, पोचवणं, परत घेणं सगळं साइटकडे, आणि वाटेत काही झालं तर जबाबदारीही साइटची. माल मुळातच खराब निघाला तर मात्र दोन्हीकडे काकूच धनी. ही शेवटची अट विक्रेते फार सोयीस्करपणे विसरतात.

एका मंगळवारी निळ्या मगाची ऑर्डर देणाऱ्या कुणीतरी काकूंना एकच तारा दिला. 'कान तुटलेला मग आला.' दुपारपर्यंत साइटनं त्या शेऱ्यावर रेघ मारून खाली लिहिलं, की ही ऑर्डर आम्ही पोचवली, जबाबदारी आमची.

खातं सांभाळते सून. ती नाचायचीच बाकी होती. "आई, सुटलो! आपल्याला साधं खरचटलंही नाही."

"तो मग कुठाय?"

"गोदामात परत गेला असेल. का?"

"मागवून घे."

"भंगार मागवायचं? त्याची फी पडते, आई!"

"पडू दे. मला त्याचं तोंड बघायचंय."

नऊ दिवसांनी खोकं आलं. काकूंनी मग उजेडात धरला आणि तुटल्या जागी बोट फिरवलं. वाटेत आपटून तुटलेला कान बहुधा मध्येच तुटतो, त्याची दोन्ही टोकं मगाला चिकटून राहतात. हा मुळापासून अलगद निखळला होता, आणि मगावर ओरखडासुद्धा नव्हता. कान बसवताना तो आणि मग सारखेच ओलसर लागतात. पण त्या खेपेला घाई होती, म्हणून काकूंनी मग पंख्याखाली ठेवले होते. मग सुकले, कान ओले राहिले, आणि सांधा कच्चा झाला. पन्नास वर्षांच्या हातांनी नवशिक्यासारखी चूक केली होती.

"हे माझं पाप आहे," काकू म्हणाल्या. "ते बिचारे उगाच अंगावर घेतायत."

"घेऊ द्या की! त्यांचे खांदे रुंद आहेत. आपले तारे गेले तर मग पहिल्या पानावरून कुठल्या कुठे जाईल. चार वर्षं लागलीत तिथं पोचायला."

"आणि कुणी त्यात उकळता चहा ओतून उचलला तर?"

सून पाठ फिरवून कामाला लागली, पण पटलं नव्हतं हे त्या पाठीवरूनही दिसत होतं.

त्या खेपेतले अडतीस मग विकले गेले होते. गोदामातून गेलेल्या ऑर्डरींचे पत्ते विक्रेत्याला मिळत नाहीत, त्यामुळे काकूंनी मदतकेंद्राला फोन लावला.

"पण मॅडम," तिथली मुलगी म्हणाली, "हा दोष आमच्याकडे नोंदलाय. तुमच्या खात्याला काहीच धक्का नाही."

"तेच तर चुकलंय, बाळ. पोचवलात तुम्ही, पण कच्चा केला मी. लिहून घे."

"विक्रेते नेमकं उलटं सांगायला फोन करतात हो," मुलगी हसली, आणि मग हसू आवरून तिनं फोन पुढच्या विभागाकडे दिला.

काकूंनी तीन विभागांत तीनदा तोच कबुलीजबाब दिला. असली माणसं बघितली की आपल्यालाच जरा ताठ बसावंसं वाटतं. अखेर निळ्या मगाची विक्री थांबली. अडतीस जणांना साइटचं पत्र गेलं: कान निखळू शकतो, वापरू नका, पैसे परत मिळतील, दोष विक्रेत्याचा. पत्र वाचून काहींनी रागानं शेरे लिहिले. तारे धडाधड घसरले आणि या वेळी कुणी रेघ मारली नाही.

तीन आठवड्यांनी गोदामातला उरलेला माल घरी आला. सून हट्टाला सासूच्या वरताण. तिनं किटलीभर पाणी उकळलं, मग ओट्यावर मांडले आणि एकेक भरून कानाला धरून उचलायला लागली.

"हा धरला. हाही धरला. बघा आई, चांगले आहेत!"

काकू माती मळत राहिल्या. दहा झाले, बारा झाले. तेरावा मग तिनं उचलला आणि कान तेवढा तिच्या हातात राहिला. मग ओट्यावर आपटला, उकळतं पाणी तिच्या पावलापासून वीतभर अंतरावर फरशीवर सांडलं. काकू धावल्या, तिचा हात उलटसुलट करून पाहिला. भाजलं नव्हतं.

सुनेनं तो कान उलटा करून पाहिला; मुळापासूनच निखळला होता.

"आई, त्या अडतीस जणांनी पत्र उघडलं असेल ना?"

"काय माहीत."

सुनेनं ओला हात साडीला पुसला आणि स्वतःच मदतकेंद्राचा नंबर फिरवला.

"नमस्कार," ती म्हणाली, "निळ्या मगाबद्दल बोलायचंय. दोष आमचा आहे. ज्यांनी पत्र उघडलेलं नाही, त्यांना आज पुन्हा कळवा."