काकांचे रविवार

ग्वाल्हेरचा आमचा बिस्किटांचा कारखाना एका मोठ्या कंपनीत विलीन झाला आणि मी त्यांच्या ईआरपी या संगणकप्रणालीत उत्पादनाचं नियोजन करू लागले. नव्या कॅलेंडरात आठवड्याचे सातही दिवस कामाचे होते. रविवारी पॅकिंग मशीन रिकामी दिसली, म्हणून तिथेही ऑर्डर टाकल्या. महिन्याभरात, एका गुरुवारी ऐन कामाच्या वेळी, तिचा गिअरबॉक्स जाम झाला.

चिडूनच मी मेन्टेनन्सच्या काकांना जाब विचारला. गावातल्याच दौलतगंज भागात राहणारा शांत माणूस. म्हणाले, “एका रविवाराआड येऊन तेल बदलायचो, बेल्ट बघायचो. आता रविवारी येतो तेव्हा मशीन चालूच असते, ताई.”

सुटीतल्या या कामाची नोंद कुठेच नव्हती. सिस्टिमच्या लेखी मशीन देखभालीसाठी कधी थांबतच नव्हती. माझा प्लॅन चुकत नाही, हा तोरा मी त्यांच्या रविवारांच्या जोरावर मिरवला होता.

मग देखभालीचं वेळापत्रक ईआरपीत घातलं: एका बुधवाराआड मशीन आठ तास बंद. प्लॅन पुन्हा चालवला, तेव्हा त्या तासांतल्या ऑर्डर गुरुवारवर गेल्या.

पुढच्या सोमवारी काका म्हणाले, “काल माझा कारखान्यात यायचा रविवार, पण घरीच होतो. बायको दोनदा विचारून गेली, तब्येत खराब आहे का.”