जॅकेटाखालचा शर्ट

स्टुडिओत तिला सगळे ताईच म्हणायचे, पण घरी ती थोरली. धाकटी तिच्याहून बरीच लहान. आई गेली तेव्हा धाकटीला वेणीसुद्धा स्वतःची घालता येत नव्हती, आणि वडील रात्रपाळीचे वॉचमन. त्यामुळे धाकटीचा अभ्यास, तिचा ताप, तिचे रुसवेफुगवे सगळं थोरलीच्याच गळ्यात पडलं. स्वतःचं शिक्षण अर्धवट टाकून ती फोटो स्टुडिओत चिकटली आणि तिथेच रमली. जुने फोटो दुरुस्त करणं, फाटलेला गाल जोडणं, मिटलेले डोळे उघडणं, कपडे बदलणं. मालक गिऱ्हाइकाला अभिमानाने सांगायचे, "आमच्या ताईंनी चढवलेला कोट शिंप्यालासुद्धा ओळखता येणार नाही."

वडील गेल्यावर धाकटी मोठ्या शहरात नोकरीला लागली. एका सुट्टीत घरी आली तेव्हा पोरगी हवेत होती. कचेरीतल्याच एका मुलाशी जमलं होतं. माणसं चांगली, शिकलेली.

"ताई, एक काम करशील?" तिने फोन पुढे केला. "बाबांचा हा फोटो. यातलं जॅकेट काढून टाक ना."

वडिलांचा एवढा एकच धड फोटो होता. ड्यूटीवर असताना कुणा सोबत्याने काढलेला. बंद दुकानाच्या भिंतीपुढे उभे, दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर टेकवलेले. अंगात कंपनीचं निळं जॅकेट, त्यांच्या मापाला मोठंच. खांद्यावर पट्ट्या, दंडावर कंपनीचा बिल्ला, खिशात गेलेली शिट्टीची दोरी.

"का गं? छान दिसतात की जॅकेटात."

"भिंतीवर लावायचाय मला. माझ्या घरी बाबा हवेत, वॉचमन नको. घरातल्यासारखे, नुसत्या शर्टात. तू करशील ना?"

थोरलीला ते पटलं. बाबाही घरी आल्या आल्या आधी ते जॅकेट काढून खुंटीला अडकवत, आणि मगच पोरींशी बोलत.

तिने कामाला हात घातला तेव्हा कळलं, ते दिसतं तेवढं सोपं नाही. जॅकेट पुसलं की त्याच्या जागी भोक उरतं, तिथे शर्ट कुठून आणायचा? फोटोत खऱ्या शर्टाचं दर्शन होतं ते दोनच जागी. गळ्याशी कॉलरचा त्रिकोण, आणि मनगटाशी बोटभर कफ. मातकट रंग, त्यावर बारीक रेघ. बाकी सगळं मनानेच काढायचं, पण असं की बघणाऱ्याला ते आधीपासूनच तिथे होतं असं वाटावं.

आधी तिने खांदे उतरवले. जॅकेटाच्या जाडीने ते रुंद दिसत होते, बाबांचे खांदे तर उतरते. दंड बारीक केले, तशी दोन्ही बाजूंना रिकामी जागा पडली. तिथे मागची भिंत, तिचे पोपडे आणि डाग धरून, भरून काढावी लागली. मग मालकांना तिने साध्या शर्टात खिडकीपाशी उभं केलं आणि तसेच हात खुर्चीवर ठेवायला लावले.

"उजेड डावीकडून हवा. हलू नका."

"या वयात मॉडेल केलंस की गं मला," मालक म्हणाले, पण हलले नाहीत.

त्यांच्या फोटोवरून तिला सुरकुत्या समजल्या. काखेतून छातीकडे कशा फाकतात, कोपराच्या आतल्या बाजूला कशा गोळा होतात. कॉलरला तिने उभी पट्टी दिली, टोकांखाली सावली टाकली, बटणपट्टीची शिवण ओढली. बाह्यांना कफापाशी चीर आणि कफाला बटण. जॅकेटच्या कॉलरची एक काळसर सावली बाबांच्या मानेवर तशीच राहिली होती. तीही हलक्या हाताने पुसली, नाहीतर शर्ट अंगावर आणि सावली जॅकेटाची, असं झालं असतं. शेवटी शर्टावर जुन्या फोटोसारखा रवाळपणा चढवला, म्हणजे तो चिकटवलेला दिसणार नाही.

आणि हे करताना तिने मनचं फारसं काही घातलंच नाही. आई कॉलर झिजली की उसवून उलटी करून शिवायची, म्हणून कॉलरची घडी किंचित फुगलेली. एका कफाचं बटण दुसऱ्याच शर्टाचं, जरा मोठं. बाबांचे शर्ट असेच होते. काम संपलं तेव्हा थोरली पडद्याकडे बघत बसून राहिली. ड्यूटीवरून नुकतेच घरात शिरल्यासारखे बाबा समोर होते.

धाकटीने फोटो पाहिला आणि नाक मुरडलं.

"असा नको गं, ताई. केवढा जुनाट दिसतोय! पांढरा कर. कॉलर ताठ दे. आणि हे बटण काय असलं?"

"अगं, रंग मी ठरवलेला नाही. गळ्याशी दिसतोय तोच धरलाय. आणि बटण आठवत नाही तुला?"

"मला नाही आठवत. जे दिसतंय तेही पांढरं करून टाक. तुझ्या हातचा मळ आहे तो."

थोरलीला ते रुचलं नाही. आतापर्यंत झाकलेलं होतं ते तिने बनवलं होतं. आता उघडं होतं तेही खोडायचं होतं. पण लग्नाला टेकलेल्या पोरीचं मन कशाला मोडा? तिने पांढराशुभ्र शर्ट केला. इस्त्रीची कडक कॉलर, एकसारखी बटणं, नवे कोरे कफ. मालकांनी नेहमीसारखा प्रिंटच्या पाठीवर स्टुडिओचा शिक्का मारला.

लग्न नोंदणी कार्यालयात झालं. "त्यांच्याकडे कुणालाच बोलवत नाहीयेत, ताई. नंतर निवांत भेटवते सगळ्यांना," धाकटी फोनवर म्हणाली. थोरलीने घेऊन ठेवलेली साडी कपाटात ठेवून दिली. ते निवांत काही येईना. दर वेळी काहीतरी निघायचं. मग नवऱ्याच्या बदलीमुळे धाकटी आणि सासरचे लोक थोरलीच्याच शहरात राहायला आले. तेव्हाही धाकटी म्हणाली, "जरा घर लागू दे."

एका दुपारी स्टुडिओत एक बाई आल्या. नेटक्या, हसऱ्या. पिशवीतून त्यांनी एक फ्रेम काढली आणि ती उलटी करून, मागचा पुठ्ठा सरकवून फोटोच्या पाठीवरचा शिक्का दाखवला.

"हा तुमचाच ना? मला याची मोठी प्रत हवीय. सुनेचा वाढदिवस आहे, तिला कळू न देता द्यायचीय."

थोरलीने फ्रेम सुलटी केली. पांढऱ्या शर्टातले बाबा.

तिला बोलायचं होतं. 'अहो, मी तिची बहीण,' एवढं अगदी ओठांवर आलं होतं. पण बाई आधीच बोलू लागल्या.

"सुनेचे वडील. प्राध्यापक होते. बघा ना, चेहऱ्यावरच कळतं. ती लहान असतानाच आईवडील दोघंही गेले. वसतिगृहात वाढली बिचारी. सख्खं असं कोणी नाही, ना बहीण ना भाऊ."

थोरलीने फ्रेम काउंटरवर ठेवली.

"कोणीच नाही?"

"कोणी नाही हो. म्हणून तर मी तिला लेकीसारखं वागवते. बरं, याला टाय लावता येईल का? प्राध्यापक माणूस."

"टाय नको," थोरली म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "या कॉलरला शोभणार नाही."

बाई गेल्या. थोरलीने मागच्या खोलीत जाऊन फोन लावला.

"तुझ्या सासूबाई आल्या होत्या."

धाकटी घाईने म्हणाली, "काय बोललीस तू?"

म्हणजे हिला पहिली भीती तीच. 

"काही नाही बोलले. बाबा प्राध्यापक कधी झाले गं?"

"ताई, तुला नाही कळणार. ती माणसं वेगळी आहेत. सुरुवातीला तोंडातून एक गेलं, मग मागे घेता येईना."

"बाबांचं समजले. मी काय केलं होतं तुझं? मला का काढलंस?"

"तू असतीस तर बाबांचं सगळं बाहेर आलं असतं." आणि मग चिडून, "आणि जॅकेट कोणी काढलं? तूच काढलंस ना? तेव्हा नाही काही वाटलं?"

 थोरलीने फोन ठेवून दिला. तिने प्रत केली. काम होतं, आणि बाई तर बिचाऱ्या निर्मळ मनाने आल्या होत्या.

प्रत न्यायला बाई आल्या, त्या सुनेला घेऊनच. वाढदिवसाचं गुपित त्यांच्या पोटात राहिलं नव्हतं. धाकटी काउंटरच्या पलीकडे उभी राहिली. अंगाने जरा भरली होती. तिने थोरलीकडे पाहिलं आणि नजर फोटोवर नेली.

"या मॅडमनीच केलं हो सगळं," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या.

"छान झालंय," धाकटी म्हणाली. "थँक्यू, मॅडम."

जिने चालायला शिकवलं तिलाच धाकटी मॅडम म्हणाली, आणि तिची जीभ अडखळली नाही. थोरलीने प्रत कागदात गुंडाळायला घेतली. चिकटपट्टी दोनदा वाकडी लागली.

"शर्ट बरोबर आलाय ना?" तिने विचारलं. "असेच घालायचे ना तुमचे वडील?"

धाकटीचा चेहरा क्षणभर लहान मुलीसारखा झाला. थोरलीला वाटलं, आता ही रडणार, आता सगळं सांगून टाकणार.

"हो," धाकटी म्हणाली. "असेच."

त्या गेल्यावर मालकांनी विचारलं, "काय झालं? ओळखीच्या होत्या का?"

"नाही," थोरली म्हणाली, आणि मागे जाऊन तोंड धुवून आली.

त्यानंतर दोघी बहिणींचं बोलणं तुटलं. धाकटीने फोन केला नाही, थोरलीनेही नाही. खरं सांगून टाकावं असं तिला कितीदा वाटलं, पण ते सांगून धाकटी परत मिळणार नव्हती, नुसता तिचा संसार विस्कटला असता.

सासूबाई मात्र येत राहिल्या. कधी पासपोर्टचे फोटो, कधी जुना अल्बम. थोरली त्यांना आवडली होती. येता-जाता घरचं सांगायच्या: सुनेला काय आवडतं, मुलगा किती विसराळू. थोरली ऐकून घ्यायची. बहिणीची खबर अशीच, गिऱ्हाइकाकडून कळायची.

एकदा त्या धापा टाकतच आत शिरल्या आणि फोन पुढे धरला.

"मुलगी झाली! हा फोटो लगेच काढून द्या. आणि गालावर ओरखडा आलाय बघा, स्वतःच्याच नखाचा, तो घालवता आला तर घालवा."

फोटोत एवढंसं, लालबुंद, मुठी आवळलेलं पोर होतं. थोरलीने ते मोठं करून बघितलं. नाव काय ठेवणार, वजन किती, आईची तब्येत कशी, दूध येतंय का, सगळं विचारलं. मावशीने विचारावं तसंच. सासूबाईंना त्यात काही वावगं वाटलं नाही. त्या हौसेने सांगत राहिल्या.

ओरखडा तिने तसाच ठेवला. "तो दोन दिवसांत आपोआप जाईल," ती म्हणाली, "पण आजचं पोर असंच आहे."

"तेही खरंच. एकदा या की बघायला, घर काही लांब नाही."

"बघते," थोरली म्हणाली आणि प्रिंटर सुरू केला.