न दबणारी लिंक

अक्कांनी मला विचारलं, "माझ्या हातून मीठ जास्त पडतं का गं?" तेव्हा मला जो राग आला तो अजून पुरता उतरलेला नाही. कारण त्यांच्या हातचं खायला तोवर एकही गिऱ्हाईक आलंच नव्हतं.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. आम्ही हिंजवडीजवळ मारुंजीला, वरच्या खोल्या भाड्याने देऊन राहतो. थोरले दीर आणि अक्का नांद्याला. सगळी जमीन विकून झाली तरी नांद्याची एक आंब्याखालची पट्टी राहिली होती. अक्कांचा जीव तिच्यात. दिरांना तिथे बांधकामाच्या मजुरांसाठी पत्र्याच्या खोल्या टाकायच्या होत्या. कंत्राटदार रोज फोन करायचा.

अक्का म्हणाल्या, तिथे रविवारी चुलीवरचं जेवण देऊ. इंद्रायणीचा भात, मासवडी, तांदळाची भाकरी, मिळाले तर कासारसाई धरणाचे मासे. कंपन्यांतली पोरं दूर जाऊन खातात, इथे का खाणार नाहीत? दीर म्हणाले, "दिवाळीपत्तूर बघा. माणसं आली तर ठीक. न्हाई तर पत्रं टाकणार, मग मला कुणी बोलायचं न्हाई." अक्का हो म्हणाल्या. मीही हो म्हणाले, कारण मासवडी मी खाल्लेली होती.

जाहिरात दिरांनी चौकातल्या फ्लेक्सवाल्याकडे दिली. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स छापून छापून त्याला आता 'सोशल मीडिया' येऊ लागलं होतं. फोटोंचं ते सगळ्यांच्या हातातलं ॲप, त्यावर त्याने पान उघडलं. आंबा, चूल, अक्कांचा भाकरी थापतानाचा फोटो. खाली मजकूर आणि मजकुराच्या शेवटी जेवणाच्या नोंदणीच्या फॉर्मची लांबलचक लिंक. चूल पेटवायची तर किती पानं वाढायची ते शनिवारी कळायला हवं, म्हणून नोंदणी. अक्कांचा नंबर टाकायचा नाही, हे आम्हीच सांगितलं होतं; बाईमाणसाचा नंबर जगाला दिला की काय काय फोन येतात ते आम्हाला माहीत आहे.

"लिंक चालतीया का बघा," म्हणून त्याने ती आमच्या घरच्या मेसेजच्या ग्रुपवर पाठवली. आम्ही सगळ्यांनी दाबली, फॉर्म उघडला. दिरांनी अंगठा दिला. झाली तपासणी.

फोटोवर बदामांचा नुसता पाऊस. नोंदणी एकही नाही.

रविवारी अक्का आंब्याखाली मसाला वाटून बसायच्या. आयत्या वेळी कुणी आलं तर, म्हणून. दुपार टळली की ती मासवडी शेजारच्या इमारतीच्या वॉचमनला जायची. दीर मोटारसायकल लावून पट्टीत पावलं टाकत फिरायचे, खोल्यांची मापं घेतल्यासारखे. असे रविवार जात राहिले आणि एके दिवशी अक्कांनी मिठाचं विचारलं. त्याच संध्याकाळी त्यांनी दिरांना सांगितलं, "टाका पत्रं. लोकांना न्हाई आवडत माझं."

दुसऱ्या दिवशी पत्रे येऊन पडले. आंब्याला टेकवून.

त्याच आठवड्यात आमची वरची भाडेकरू मुलगी पाण्याच्या जारचं सांगायला खाली आली. नोकरी कंपनीत, गाव अकोल्याकडचं. मी रागारागात तिला फोटो दाखवला आणि म्हटलं, बघ, एवढे बदाम देतात आणि खायला एक येत नाही. तिने लिंकवर बोट ठेवलं. पुन्हा ठेवलं.

"काकू, ही दबतच नाही ना. इथे फोटोखालची लिंक उघडत नाही. ती नुसती अक्षरं राहतात."

"ग्रुपवर तर उघडली की!"

"ते मेसेजचं ॲप आहे. तिथे लिंक आपोआप उघडणारी होते. इथे या ॲपने फोटोखाली ती सोयच ठेवली नाही. दुसऱ्या पानाचं नाव लिहिलं तर दबेल, हॅशटॅग दबेल, कारण ते ॲपच्या आतच फिरवतं. बाहेर नेणारी लिंक नाही चालत."

"का पण?"

"फसवणुकीच्या लिंका पसरू नयेत हे एक. आणि माणूस बाहेर गेला की त्यांच्या जाहिराती कोण बघणार?"

मग मी खालच्या कमेंटी वाचल्या. 'लिंक?' 'बुकिंग कसं करायचं?' आणि प्रत्येकाखाली आमच्या फ्लेक्सवाल्याचं उत्तर, हात जोडून: 'लिंक वर दिली आहे.' कुणी फारच विचारलं तर तीच लिंक कमेंटमध्ये. तीही तशीच मेलेली. फोनवर ती अक्षरं कॉपीही होत नव्हती. लोक दारात उभे राहून कडी वाजवत होते आणि हा आतून हात जोडत होता!

मी तशीच चपला घालून चौकात गेले. तो एका वाढदिवसाच्या फोटोतलं कपाळ गोरं करत होता.

"ती लिंक एकदा तरी फोटोखालून दाबली होतीस का रे?"

"वहिनी, मी फ्लेक्सवर पत्ता टाकतो तसा टाकला. दिसतोय की व्यवस्थित."

"फ्लेक्सवरचा पत्ता माणूस वाचतो आन गाडी घेऊन जातो! ही ओळभर इंग्रजी अक्षरं कोण पाठ करणार? लोक इचारत हुते, तुला कळलं न्हाई?"

"मला वाटलं, लोक वाचत न्हाईत."

त्याच्या दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांसमोर मी त्याला काय काय बोलले ते लिहीत नाही. पानाचा पासवर्ड घेतला आणि घरी आले.

भाडेकरू मुलीने बसून सगळं फिरवलं. लिंक पानाच्या प्रोफाइलवर टाकली, तिथे ती दबते. फोटोखालचा लांब पत्ता काढून साधं लिहिलं: 'नोंदणीसाठी आमच्या नावावर दाबा, वर लिंक आहे.' स्टोरीत लिंकचं स्टिकर लावलं. ते एका दिवसात जातं, म्हणून ती स्टोरी प्रोफाइलवर कायमची अडकवून ठेवली. ज्यांनी विचारलं होतं त्या प्रत्येकाला मी स्वतः मेसेज केला, मेसेजमध्ये लिंक उघडते. मी म्हटलं, दुकानात पैसे देताना असतो तसला चौकटींचा कोड फोटोत टाकू. ती हसली. "काकू, ज्या फोनवर दिसतोय त्याच फोनने तो स्कॅन कसा करणार? तो हिंजवडीच्या रस्त्यावर फ्लेक्सवर छापा." छापला. दुसऱ्या फ्लेक्सवाल्याकडे.

शनिवारी दुपारपर्यंत रविवारची पानं भरली. मी फोन घेऊन नांद्याला गेले. अक्का पत्र्यांच्या सावलीत ज्वारी निवडत होत्या. मी नोंदी वाचून दाखवल्या. त्यांना आनंद झाला नाही. त्यांनी ज्वारीचं सूप बाजूला ठेवलं.

"मग आदी का न्हाई आले?"

मी पानावरचा त्यांचा भाकरीचा जुना फोटो उघडून फोन त्यांच्या हातात दिला. त्या एका फोटोखालचा लांब पत्ता मी मुद्दाम काढू दिला नव्हता. "ही लिंक दाबा."

त्यांनी दाबली. काही झालं नाही. बोट पदराला पुसून पुन्हा दाबली. मग आणखी जोरात, चूल फुंकताना येतो तसा आवाज नाकातून काढत. फोटोतल्या अक्का भाकरी थापत होत्या आणि त्यांच्याखालची अक्षरं जागची हलत नव्हती.

"मंजी लोक असंच करत हुते?"

"व्हय."

"आन मी मीठ कमी करत बसले."

त्यांनी फोन मला दिला नाही. त्याच फोनवरून दिरांना लावला. त्या घरात मी आले तेव्हापासून अक्कांचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता.

"पत्रं आज न्यायला सांगा," त्या म्हणाल्या. "उद्या तितं मला पंगत बसवायचीय."