सावकाश बघा, पण गुरुवारपर्यंत

माझ्या भाऊजींना मी एका सकाळी जवळजवळ मारलंच होतं. तेही फोनवरून, बसल्या जागी, चहा पिता पिता.

झालं असं. माझ्या थोरल्या बहिणीचं दागिन्यांचं छोटंसं दुकान आहे. पुढे काउंटरवर ताई, मागच्या खोलीत डोळ्याला भिंग लावून दागिने घडवणारे भाऊजी, असा कारभार. सणासुदीचे दिवस आले, घडणावळीवर सूट द्यायची ठरली, आणि दुकानाच्या सोशल मीडियावरच्या पानावर फोटोबरोबर टाकायच्या ओळी, म्हणजे कॅप्शन, लिहायचं काम माझ्याकडे आलं. घरात मीच लेखक. म्हणजे बाकीच्यांना काम असतं.

माझ्या डोक्यात एकच गोष्ट: लोकांना घाई झाली पाहिजे. मी भाऊजींचा एक छानसा फोटो निवडला. मान खाली, एक डोळा मिटलेला, चेहरा गंभीर. शोभून दिसावा म्हणून तो काळा-पांढरा केला. त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘शेवटचे काही दिवस!’ आणि खाली, ‘आजच येऊन भेटा.’

दुकान उघडायच्या आधीच पायरीवर माणसं उभी होती. मला वाटलं, जमलं! पण कोणाच्याच हातात पिशवी नव्हती. दोघांच्या हातात सफरचंदं होती. शेजारच्या शिंप्याने आपलं शटर अर्धंच उघडलं होतं, आदर म्हणून. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने ताईचा हात हातात घेतला आणि हलक्या आवाजात विचारलं, “डॉक्टर काय म्हणतात?”

तेवढ्यात मागच्या खोलीचा पडदा सरकवून भाऊजी बाहेर आले. डोळ्याला भिंग तसंच. “अगं, माझा बारीक चिमटा कोणी घेतला?” त्यांनी विचारलं. पायरीवरची एक बाई किंचाळली.

भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं, एक सफरचंद उचललं आणि आत जाता जाता म्हणाले, “फोटो चांगला आलाय. मोठा करून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.”

ज्यांना भाऊजी आजारी वाटले नाहीत, त्यांना दुकान बंद होतंय असं वाटलं. आणि हे खरं दुखणं होतं. कारण समोरच्या फुटपाथवर वर्षभरापूर्वी एक शोरूम झालं होतं. काचेचं, गार हवेचं, आत शिरलं की स्वतःचीच लाज वाटेल इतकं चकचकीत. त्याचा मालक गोड बोलणारा. ताईची जागा त्याला हवी होती. “वहिनी, दुकान आमच्यात मिसळून टाका. तुम्ही आमच्याकडे मॅनेजर म्हणून बसा, मान तोच राहील,” असं तो म्हणाला होता. ताईने उत्तर दिलं होतं, “हा सीझन बघते, मग सांगते.” भाऊजींबद्दल तो काहीच बोलला नव्हता. त्याच्याकडे दागिने मशीनवर बनून खोक्यातून येत.

त्या सकाळी तोही रस्ता ओलांडून आला. “वहिनी, ठरवलंत वाटतं?”

“सीझन आजच सुरू झालाय,” ताई म्हणाली. तो गेल्यावर ती माझ्याकडे वळली. “आणि सेलसुद्धा आजच सुरू झालाय! पहिल्याच दिवशी शेवटचे दिवस कुठून आणलेस रे?”

“ताई, त्याला अर्जन्सी म्हणतात.”

“त्याला खोटं म्हणतात.”

आता ताईबद्दल सांगायला हवं. आळीत तिला ‘सावकाश ताई’ म्हणतात, तिच्या तोंडावर. गिऱ्हाईक आत आलं की तिचं पहिलं वाक्य, “सावकाश बघा.” दुसरं वाक्य, “बसा ना.” एकदा एक जोडपं अंगठी बघायला बसलं, त्यांचं भांडण झालं, मिटलं, आणि काहीही न घेता ती दोघं हातात हात घालून बाहेर पडली. ताई दिवसभर खूश होती. “अंगठी काय, कधीही घेतील,” म्हणाली. एखादीला हार शोभत नसेल तर ही बया स्वतःच सांगते, “काढा तो, मान आखूड दिसतेय.” तिच्या गोड बोलण्याने कोणी दागिना घेतल्याचं मला आठवत नाही. तिच्या खरं बोलण्याने मात्र तीन-तीन पिढ्या येतात. पण त्या पिढ्याही सावकाशच येतात, हीच अडचण होती. यंदा त्या सणाच्या आत यायला हव्या होत्या, नाहीतर ताईला समोरच्या गार हवेत जाऊन बसावं लागणार होतं.

मी नवा मजकूर लिहिला. ‘त्वरा करा! अशी संधी पुन्हा नाही! आत्ता नाही तर कधीच नाही!’

ताईने चष्मा लावून वाचलं. “मागच्या वर्षी सगळेच हे म्हणत होते. यंदा पुन्हा आलीच की संधी. आणि ही उद्गारचिन्हं कशाला? कानाशी कोणीतरी ताट वाजवतंय असं वाटतं.”

“मग तू लिही.”

तिने लिहिलं. ‘आमच्याकडे कानातले आहेत. जमल्यास यावे. न जमल्यास काही हरकत नाही.’

“ताई, ही जाहिरात आहे की माफीनामा?”

“तुझं वाचून माणूस पळत येईल, आणि माझं वाचून?”

“तुझं वाचून झोपेल.”

भाऊजी आतून ओरडले, “दोन्ही एकत्र करा! झोपेत पळत येतील!”

आमचं हे चालू असताना एक शिक्षिका आत आल्या. ताईने नेहमीसारखं “सावकाश बघा” म्हटलं. त्यांनी एक कानातल्यांची जोडी हातात घेतली, आरशात बघितलं, ठेवली, पुन्हा घेतली. “सणानंतर येते,” म्हणाल्या.

“या ना,” ताई म्हणाली. “पण सांगून ठेवते हं, ही जोडी एकच आहे. दुसरी करायची तर ह्यांना आठवडा लागतो. सणाला घालायची असेल तर गुरुवारपर्यंत सांगा. नंतर सांगितलंत तरी होईल, पण सण निघून गेलेला असेल.”

शिक्षिकाबाई थांबल्या. मग म्हणाल्या, “नको, बांधूनच द्या.”

त्या जोडी घेऊन बाहेर पडल्या आणि मी खुर्चीतून उठलोच. “ताई, हेच!”

“हेच काय?”

“हेच लिहायचं! तू त्यांना घाई केलीस, आणि त्यांना कळलंसुद्धा नाही.”

“मी कुठे घाई केली? मी खरं ते सांगितलं.”

पण तिलाही ते पटलं असावं, कारण दुपारी दुकान रिकामं असताना आम्ही दोघं समोरासमोर बसलो. भाऊजींना खरोखर किती वेळ लागतो, ते त्यांनाच विचारलं. सणाच्या आधी हातात हवं तर ऑर्डर गुरुवारपर्यंत, हे पक्कं झालं. सूटही त्याच रात्री संपवायची, म्हणजे लोकांच्या डोक्यात एकच दिवस राहील. सोन्याचा भाव रोज बदलतो, त्यात आपलं काही चालत नाही, म्हणून सूट घडणावळीवरच आहे, हे स्पष्ट लिहायचं. आणि फोनवर आधी वरच्याच एक-दोन ओळी दिसतात, बाकीचं बोट लावल्यावर उघडतं. तेव्हा महत्त्वाचं ते सगळ्यांत वर. हे शेवटचं ज्ञान माझं. ताईने त्याबद्दल मला एक सफरचंद दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पानावर आलं, ‘सावकाश बघा. पण गुरुवारपर्यंत.’ त्याखाली, ‘घडणावळीवर सूट गुरुवारी रात्रीपर्यंत. सणाला घालायचं असेल तर ऑर्डरही तोपर्यंत द्या, कारण घडवणारे हात दोनच आहेत.’ फोटो भाऊजींच्या हातांचा. रंगीत. चेहरा मी मुद्दाम घेतला नाही.

आळीत पहिली हाक शिंप्याने मारली, “काय सावकाश ताई, यंदा ‘पण’ आला का?” बायका एकमेकींना ती ओळ पाठवू लागल्या. ताईचा आवाज त्यात ऐकू येत होता ना!

मग रोज एक ओळ. एका नाजूक साखळीच्या फोटोखाली, ‘या नक्षीच्या तीन केल्या. चौथी करायचा ह्यांना कंटाळा आलाय.’ भाऊजींनी हरकत घेतली, पण कंटाळा खरा होता. साखळी विकली गेली की ताई लगेच तिथेच आकडा बदलायला लावी. तिन्ही संपल्या तेव्हा मी फोटो काढून टाकणार होतो. “काढू नकोस. लिही, ‘या गेल्या.’” लिहिलं. खाली कोणीतरी ‘अरेरे’ असं लिहिलं. ताईने उत्तर सांगितलं, ‘ह्यांचा कंटाळा गेला की तशीच करून देऊ. सणानंतर मिळेल, चालेल का?’ माझ्या सगळ्या उद्गारचिन्हांनी जे झालं नव्हतं ते त्या ‘या गेल्या’ने केलं. दुपारपासून आत यायला जागा नव्हती. ताई तरीही प्रत्येकाला म्हणतच होती, “सावकाश बघा.” आणि मागचे लोक ओरडत होते, “ताई, त्यांना सावकाश म्हणू नका हो!”

गुरुवारी सकाळची ओळ मी एकट्याने लिहिली, आणि ताईने एक अक्षरही बदललं नाही. ‘आज दुकान बंद होईपर्यंत. बंद म्हणजे रोजच्यासारखं बंद. उद्या उघडणार आहे. सगळ्यांच्या तब्येती उत्तम.’

संध्याकाळी भाऊजी बाहेर येऊन म्हणाले, “आता बास. सणापर्यंत एवढंच होईल.” गर्दी अजून होती. माझ्या अंगात पुन्हा जुना लेखक शिरला. “ताई, ‘लोकाग्रहास्तव मुदत वाढवली’ टाकू? अजून दोन दिवस सहज चालेल.”

“आणि जी आज काम टाकून धावत आली, तिला काय सांगू? तुझी गंमत केली म्हणून?” तिने काउंटर पुसता पुसता म्हटलं. “पुढच्या वर्षी मी गुरुवार म्हटलं की सगळे शनिवारी येतील. माझ्याकडे शब्दाशिवाय आहे काय दुसरं? गार हवा तर नाहीच.”

मुदत वाढली नाही. दिवे रोजच्या वेळेला बंद झाले.

शुक्रवारी सकाळी शोरूमवाला आला. या खेपेला तो बसला. ताईने त्यालाही “बसा ना” म्हटलंच होतं. “मग वहिनी, काय ठरवलंत?”

“नाही जमायचं हो मॅनेजर व्हायला,” ताई म्हणाली. “ह्यांच्याकडे सणापर्यंत मान वर करायला वेळ नाही, आणि सणानंतरच्याही ऑर्डरी घेऊन बसलेय. पण तुम्ही येत जा. सावकाश बसत जा.”

तो हसला, माणूस वाईट नव्हता. जाताना त्याने विचारलं, “बाकी, त्या ओळी लिहितं कोण?”

ताईने माझ्याकडे हनुवटी केली. त्याने मला एवढ्या आदराने बघितलं की माझी छाती फुगली. आतून भाऊजींचं शीळ घालणं ऐकू येत होतं, आणि ते शीळ घालतात तेव्हा दुकानात सगळं ठीक असतं. मला वाटलं, हाच क्षण. कारण इतके दिवस दुसऱ्यांना आठवण करून देण्याच्या नादात बायकोसाठी अंगठी घ्यायची मी साफ विसरलो होतो. काचेखाली तिच्या मापाची होती. मी ती उचलली, बोटाने हलकेच पुसली आणि लाडात येऊन म्हटलं, “ताई, घरच्या माणसाला सूट एक दिवस उशिरा चालेल ना गं?”

ताईने अंगठी माझ्या हातातून घेतली, तराजूत ठेवली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

“तू कॅप्शन वाचत नाहीस का रे?”