पदराआडच्या भुवया

शिवगंगाच्या दुकानात ब्लाउज शिवायला टाकायला गेलात, तर एक ध्यानात ठेवा. पिशवीत मुंडकं घालून बोलू नका. तिला ऐकू येत न्हाई, ते तर हायच, पण असं केलं तर ती हातसुद्धा उचलायची न्हाई. टेबलावर टकटक करील, तुमच्या तोंडाकडं बोट दाखवील, आणि तोंड वर झालं की मगच गळ्यातला टेप काढील. बायका मला येऊन सांगतात, "जगदेवीबाई, तुमची भाची लई तोऱ्यात हाय." हाय तर हाय. माझ्या हाताखाली वाढलीय, तोरा येणारच.

शिवगंगा माझ्या भावाची, गुरुबसप्पाअण्णाची लेक. आई लहानपणीच गेली. मी नवरा गेल्यावर माहेरी आलेली, म्हणून पोर माझ्या पदरात पडली. जन्मापासून बहिरी. आम्ही औशाचे, पण लातूर जिल्हा झाला तसा अण्णानं किराणा उचलून लातुरात आणला. म्हणाला, आता हापिसं येतील, साहेब येतील, गिऱ्हाईक वाढेल. आला तो दुष्काळ. नळाला फुसफुस हवा आणि गल्लीत टँकर. नवा जिल्हा आणि कोरडा हंडा, असं आमचं नशीब.

शिवगंगा बहिऱ्या पोरांच्या शाळेत राहून शिकली. तिथल्या वर्गात पोरांना हात मागं बांधून बसवायचे आणि तोंडानं "पाणी" म्हणायला लावायचे. पोरं हाताची बोली शिकली ती वसतिगृहात, एकमेकांकडून. सुट्टीला घरी आली की शिवगंगाचे हात नुसते भिरभिर चालायचे. मी म्हणायची, बाई गं, ह्या काय माकडखुणा! भूक लागली तर पोटाला हात लाव, तहान लागली तर अंगठा ओठाला लाव, झालं की! पण तिचं काही तेवढ्यावर भागायचं न्हाई.

मला ती 'आठी' म्हणायची. म्हणजे दोन बोटं कपाळावर आवळून दाखवायची. माझ्या कपाळावर आठी असते म्हणून माझं नावच ते पडलं. आधी राग आला, मग म्हणलं, खोटं तरी काय हाय त्यात.

तिचं बोलणं मला अर्धं कळायचं, अर्ध्यात गोंधळ. एकदा टँकरवरनं आली आणि सांगू लागली. एक बोट उभं धरून पुढं आणलं, म्हणजे एक माणूस आला. मग दोन्ही हातांची बोटं उभी करून एकामागं एक धरली, म्हणजे रांग. इथवर मला कळलं. मग हवेतच उजवीकडं माझी जागा दाखवली, डावीकडं शेजारणीची. आणि घागर दिल्याचा हात उजवीकडनं डावीकडं नेला. मी म्हणलं, "शेजारणीनं आपल्याला घागर दिली व्हय? देव तिचं भलं करो." तिनं कपाळ बडवून घेतलं. मी दिली होती माझी घागर त्या बाईला, आणि ती बाई परत करीना! हात तोच, पण कुठनं निघाला आणि कुठं पोचला, त्यात सगळं सांगणं होतं. मला वाटलं, पोरगी हात कुठंही फिरवते. तशीच रोज आमची जुगलबंदी चालायची.

अशात कंधारकडचं स्थळ आलं. मुलगा सिद्धेश्वर, कापडाचं दुकान, चांगला ऐकता-बोलता, दिसायला नीटस. आणि त्यांच्या परसातल्या आडाला पाणी होतं. त्या सालात आडाला पाणी म्हणजे काय, ते टँकरमागं पळालेल्यांनाच कळेल. अण्णा तर हरखूनच गेला. पण बाप म्हणून भला माणूस. मला म्हणाला, "जगदेवी, पोरीला विचारल्याबिगर मी सुपारी फोडणार न्हाई. तिला तिथं जलम काढायचाय. तूच विचार, तुलाच तिचं कळतंय."

मला कळतंय! माझी मलाच धास्ती वाटली.

पाहुणे आले. मुलाची आई केवळाबाई आधीच बजावून बसली, "आमच्यात पोरीचा पदर भुवईच्या खाली पाहिजे, आणि नजर पायाकडं." मी शिवगंगाचा पदर ओढून डोळ्यापर्यंत आणला. पाटावर नुसते हात दिसत होते. अण्णानं इशारा केला तसं मी तिचा गुडघा दाबून खुणेनं विचारलं, काय म्हणतीस?

पदराखालून हात हलले. सिद्धेश्वराकडं बोट, मग हाताची बोली, मग शिकणं. त्यानंतर स्वतःकडं बोट, आणि येणं.

मी मोठ्यानं सांगून टाकलं, "म्हणती, पोरगा हाताची बोली शिकणार हाय, मी येणार हाय!"

सगळे खो खो हसले. सिद्धेश्वरानं हसत हसत मान डोलावली. केवळाबाई म्हणाली, "गोड हाय गं पोर." पेढे वाटले. शिवगंगानं पदराच्या फटीतनं ती डोलणारी मान तेवढी बघितली, आणि तीही खूश. आत गेल्यावर माझ्या गळ्यातच पडली. मला वाटलं, चला, जमलं एकदाचं.

पण मग काय बिनसलं तेच कळेना. ती रोज मला विचारायची, तिकडनं कोणी आलं का? मी म्हणायची, कशाला येतील, आता साखरपुड्यालाच. ती पुन्हा तेच. मग सिद्धेश्वर एकदा साडी द्यायला आला. ही दारातच हात चालवायला लागली. तो बापडा हसला, मान डोलावली, साडी ठेवली आणि गेला. ही साडीकडं बघेना. चुलीपुढं बसून रडली. मी म्हणलं, "अगं, रंग आवडला न्हाई का?" तर माझ्याकडंच पाठ फिरवली. जीव नुसता टांगणीला लागला माझा. साखरपुडा तोंडावर, आणि घरात काय चाललंय ते एका ओळीत सांगणारं कोणी न्हाई!

तेवढ्यात तिची शाळेतली मैत्रीण लक्ष्मम्मा आली, देगलूरची. तीही बहिरी. तिच्या घरी तेलुगू, आमच्यात मराठी-कानडी, पण दोघींचे हात एकच बोली बोलायचे. दोघींचं तासभर चाललं. मग लक्ष्मम्मा माझ्यापुढं येऊन बसली आणि मला ते हात करून दाखवले. तो, हाताची बोली, शिकणं, मी, येणं. मी मान हलवली, हाव, हेच म्हणाली होती.

लक्ष्मम्मानं पुन्हा तेच हात केले. ह्या वेळी शिकण्यापर्यंत भुवया वर, डोळे मोठे, मान पुढं. हात तस्सेच! आणि ती माझ्याकडं तशीच बघत थांबली, जाबाची वाट बघत. मग भुवया खाली आणून, मी येईन.

मग तिनं माझा पदर घेऊन स्वतःच्या कपाळावर ओढला आणि तिसऱ्यांदा तेच हात केले.

अगं बाई! पोरीनं विचारलं होतं! "तू माझी बोली शिकशील का? मग मी येईन." आणि ते विचारणं सगळं भुवयांत होतं, आणि भुवया मीच झाकल्या होत्या. त्यानं मान डोलावली, तो तिला होकार वाटला. म्हणून तो कधी शिकायला येतो, याची ही वाट बघत होती. दारात तिनं विचारलं, शिकायला कधी बसायचं? आणि त्यानं पुन्हा नुसती मान डोलावली. म्हणून ते रडणं.

मी अण्णाला सांगितलं. अण्णा म्हणाला, "म्हणजे पोरगी हो म्हणालीच न्हाई?"

"हो पण न्हाई, न्हाई पण न्हाई. सवाल टाकलाय तिनं. जाब त्यांनी द्यायचाय."

साखरपुड्याला पाहुणे बसले. नारळ, ओटी, सगळं मांडलेलं. मी शिवगंगाला पाटावर बसवली आणि सगळ्यांदेखत तिचा पदर मागं सारला. केवळाबाई उसळलीच, "हे काय जगदेवीबाई? थोर माणसं बसल्यात!"

"बसू द्या. हिचं अर्धं बोलणं तोंडावर हाय. ते झाकलं तर तुम्ही बोलताना तुमच्या तोंडावर हात ठेवल्यागत हाय."

शिवगंगानं विचारलं. भुवया वर, मान पुढं. ह्या वेळी मी नीट सांगितलं, "विचारती, तू माझी बोली शिकशील का?"

सिद्धेश्वर हसला. "खुणा येत्यात की मला." त्यानं तोंडाशी घास नेला, अंगठा ओठाला लावला, गालाखाली हात घेऊन डोळे मिटले. "जेवण, पाणी, झोप. आणखी काय लागतंय?"

केवळाबाई म्हणाली, "आन् तो दिवसभर दुकानात. कामापुरतं कळलं की झालं. घरात काय भाषण करायचंय तिला?"

मी ते शिवगंगाला जमेल तसं सांगितलं. तिनं क्षणभर त्या पोराकडं बघितलं. रागानं न्हाई, अगदी शांत. मग तिचे हात सावकाश चालले. उद्या, मी, रडणं, आणि तिथं भुवया वर ठेवून ती जराशी थांबली. मग त्याच्याकडनं स्वतःकडं विचारण्याचा हात आणला. 'का' केलं. आणि शेवटी 'कसं', हनुवटी वर उचलून.

मी सांगितलं. "म्हणती, उद्या मी रडले, तर 'का' म्हणून मला कसं विचारशील?"

सिद्धेश्वराचं हसू गेलं. त्यानं हात उचलला, हवेत धरला, आणि काय करावं ते कळेना म्हणून आईकडं बघितलं. आईनं नारळाकडं बघितलं. अण्णा माझ्याकडं बघत होता, की आता हे काय, पुढं काय.

शिवगंगानं दोन्ही हातांनी पदर धरला आणि स्वतःच हनुवटीपर्यंत खाली ओढला. हात मांडीवर ठेवले.

केवळाबाईनं सुस्कारा सोडला. "आता कशी शहाण्यासारखी बसली! घ्या, लावा कुंकू."

"थांबा," मी म्हणलं. "पोरगी न्हाई म्हणाली."

"कधी म्हणाली? हातसुद्धा हलवला न्हाई तिनं!"

"तोंड झाकलं की. तुमच्याशी तिचं बोलणं संपलं."

अण्णानं ओटीतला नारळ उचलला आणि आत नेऊन ठेवला.